चिठ्ठीतला आकडा एक की नऊ? पुन्हा पुन्हा होणारी चूक आणि ती पकडायची रीत

हा त्रास किराणा दुकान चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी झालेला असणार. ग्राहकाची हाताने लिहिलेली यादी येते. अक्षर सुवाच्य असतं, आपण वाचतो, माल बांधतो, पोचवतो. संध्याकाळी फोन येतो की अमुक वस्तू फारच कमी आली, किंवा कुणी मागितली नव्हती इतकी आली. यादी पुन्हा काढून बघितली तर आपण वाचलेला आकडा तिथेच असतो. ग्राहकालाही त्याने लिहिलेला आकडा तिथेच दिसतो. दोघंही खरं बोलत असतात.

आमचं दुकान शुक्रवार पेठेत, मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. आमच्याकडे हे तीनदा घडलं. पहिल्या दोन वेळा नुकसान किरकोळ होतं, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी एका बाईंचं घेतलेलं काम अडलं. तेव्हा मी ती चिठ्ठी जपून ठेवली आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधत बसलो. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितो.

काय घडलं

सदाशिव पेठेतल्या एक काकू घरून पोळीभाजीचं काम करतात आणि सणावाराला ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक देतात. वर्षभर दर संकष्टीच्या आधी आमच्याकडून मोदकाची पिठी नेतात, बहुतेक वेळा एक किलो. गणपतीत त्यांचं काम मोठं असतं, पण तोपर्यंत त्या मोठा माल दुसरीकडून भरायच्या. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी तो आमच्याकडून घ्यायचं ठरवलं होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं.

हरतालिकेच्या दोन दिवस आधी त्यांची भाची चिठ्ठी देऊन गेली. काकू सांगत गेल्या आणि तिने लिहून घेतलं, हे मला नंतर कळलं. वस्तूंची नावं स्वच्छ मराठीत होती. पहिल्या ओळीत मोदकाची पिठी, त्यापुढे एकच आकडा आणि किलो. खाली खसखस दोनशे ग्रॅम, साजूक तूप दोन किलो, जायफळं तीन. गूळ आणि नारळ त्या स्वतः आणणार होत्या. पिठीपुढचा आकडा मी १ वाचला.

हरतालिकेच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालायची सोय नसते, म्हणून दुकानातला मुलगा पिशवी घेऊन पायीच गेला. निघण्याआधी मी त्याला काकूंना फोन करायला लावला होता. त्याने विचारलं, “काकू, चिठ्ठीप्रमाणे सगळं घेऊन येतोय, चालेल ना?” काकू म्हणाल्या, “हो हो, ये लवकर.” पिशवी त्यांच्या शेजारणीने घेतली. काकू नारळ खवत होत्या, त्यांनी पिशवी उघडली तेव्हा साडेसहा वाजले होते.

भाचीने लिहिलेला आकडा 9 होता, इंग्रजी नऊ. काकूंनी सकाळसाठी सहाशे मोदकांचं काम घेतलं होतं आणि घरात पिठी आली होती एक किलो, म्हणजे जेमतेम सत्तर मोदकांची.

मी दुकान भावाच्या ताब्यात दिलं आणि निघालो. आमच्याकडची पिठी दुपारीच संपली होती. शुक्रवार पेठ आणि रविवार पेठेतल्या ओळखीच्या तीन दुकानांतून मिळून पाच किलो गोळा झाली. राहिली तीन किलो. गिरणीतून तांदूळ दळून आणून भागत नाही, कारण मोदकाची पिठी धुऊन सावलीत वाळवलेल्या तांदळाची लागते. न धुतलेल्या कोरड्या तांदळाच्या पिठाची उकड मळताना तुटते आणि पारी वळताना चिरते. काकूंनी त्यावर स्वतःच तोड काढली. तीन किलो आंबेमोहर रात्री भिजत घातला, पहाटे तीनला पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटला आणि ते वाटण पातेल्यात तूप-मीठ घालून गोळा होईपर्यंत आटवलं. अशी उकड चांगली होते, पण सतत घोटावी लागते आणि हात भरून येतात. सहाशे मोदक सकाळी गेले. काकू रात्रभर झोपल्या नाहीत, आणि त्याला कारण मी होतो.

कारण: एका चिठ्ठीत दोन लिप्यांचे आकडे

आपण दिवसभर दोन प्रकारचे आकडे वाचतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आणि वर्तमानपत्रात मराठी आकडे असतात, पुड्यावरच्या किमतीत आणि मोबाइलवर इंग्रजी. डोळ्यांना दोन्हींची इतकी सवय झालेली असते की आपण कुठल्या लिपीत वाचतोय हे मनात येतही नाही. छापील मजकुरात अडत नाही, कारण शेजारी दुसरे आकडे असतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत एकटा आकडा आला की घोळ होतो.

सगळ्यात घातक जोडी मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची. दोन्हींना वर गोल आणि खाली दांडी. चूक झाली की फरक नऊपट. दुसरी जोडी मराठी ४ आणि इंग्रजी 8. घाईत चारचं वरचं तोंड मिटलं की त्याचा इंग्रजी आठ होतो. आमच्याकडे पहिल्यांदा चूक झाली ती हीच, चार किलो पातळ पोह्यांऐवजी आठ किलो गेले आणि चार परत आले. तिसरी जोडी मराठी ७ आणि इंग्रजी 6. दुसऱ्यांदा चुकलो ते तिथे. एका किलोचाच फरक पडतो, म्हणून ही चूक बरेचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. मराठी ५ आणि इंग्रजी 4 हेसुद्धा काहींच्या हातात सारखे येतात.

मी चुकीचा आकडा का वाचला, याला आणखी दोन कारणं होती. चिठ्ठीतली अक्षरं मराठी होती, म्हणून आकडेही मराठीच असतील असं मी धरून चाललो. हे गृहीतक आता टिकत नाही. सेमी इंग्रजीत किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं अक्षरं उत्तम मराठीत लिहितात आणि आकडे इंग्रजी काढतात, कारण गणित त्यांनी त्याच आकड्यांत केलेलं असतं. दुसरं कारण सवयीचं. काकू नेहमी एक किलो नेतात हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, आणि डोळ्यांनी त्याला दुजोरा देणारा आकडा शोधून दिला.

जे उपाय करून पाहिले आणि उपयोगी पडले नाहीत

पोह्यांच्या वेळी मी दुकानातल्या मुलाला नीट वाचायला सांगितलं होतं. त्याचा काही फायदा झाला नाही, कारण त्याने नीटच वाचलं होतं. ज्याला शंकाच येत नाही तो काळजी कशाची घेणार?

नंतर “आकडे इंग्रजीत लिहावेत” अशी पाटी लावली. त्याने घोळ वाढला. काही ग्राहकांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि एखाद्या चिठ्ठीत दोन ओळी एका लिपीत आणि दोन दुसऱ्या लिपीत यायला लागल्या. सत्तरीच्या माणसाला त्याचे आकडे बदलायला सांगणंही मला बरं वाटेना. पाटी काढून टाकली.

आणि फोन. तो तर केलाच होता. पण “चिठ्ठीप्रमाणे आणू ना?” या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. काकूंच्या डोळ्यांसमोर त्यांची नऊ किलोची चिठ्ठी होती, आमच्यासमोर एक किलोची. “पिठी एक किलो ना?” असं विचारणंही धोक्याचंच. हात पिठात असलेला माणूस अर्धवट ऐकून हो म्हणतो. प्रश्नात आपण आकडा घातला की तोच परत येतो. तेव्हापासून आमच्याकडे एवढंच विचारतात: “पिठी किती?” आकडा ग्राहकाच्या तोंडून यायला हवा.

आधी साक्षीदार आकडे शोधा

चिठ्ठी हातात आली की संशयाच्या आकड्याकडे टक लावून बघू नका. बाकीच्या ओळींतले आकडे बघा. ज्यांचा आकार दोन लिप्यांत अगदी वेगळा आहे असा एखादा आकडा सापडला की लिहिणाऱ्याची लिपी कळते. मराठी ६, ८ आणि ९ यांची इंग्रजी आकड्यांशी गफलत सहसा होत नाही, आणि इंग्रजीतले 1, 5 आणि 7 मराठीसारखे दिसत नाहीत. यांतला एक जरी यादीत असला तरी तो साक्ष देतो. यादीत कुठे उभ्या रेघेसारखा 1 असेल, तर लिहिणाऱ्याचा एक तसा आहे आणि गोलवाला आकडा नऊ आहे.

माझ्या चिठ्ठीत नेमका इथेच घात झाला होता. दोनशे, दोन, तीन. मराठी २, ३ आणि ० हे हाताने लिहिताना इंग्रजी आकड्यांशी इतके जुळतात की ते कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत. मी त्यांना मुके आकडे म्हणतो. यादीत शंकेच्या आकड्याखेरीज फक्त मुके आकडे असतील, तर ती यादी डोळ्यांनी सुटणार नाही असं समजून चाला.

नंतर मी भिंग लावून पाहिलं तेव्हा थोडा पुरावा दिसला. इंग्रजी दोनचा पाय आडवा टेकलेला असतो, मराठी दोनची शेपटी तिरकी खाली घसरते. तुपापुढच्या दोनचा पाय आडवा होता. तसंच बहुतेकांच्या हातात मराठी एकची दांडी खाली जाताना उजवीकडे झुकते, तर इंग्रजी नऊची सरळ राहते किंवा डावीकडे वळते. हे पाहायला हरकत नाही, पण बॉलपेनने हातावर कागद धरून लिहिलेल्या चिठ्ठीत त्याच्यावर विसंबू नका. मोबाइलवर आलेल्या फोटोत तर मुळीच नको. तिरका काढलेला फोटो दांडीचा कल बदलून टाकतो.

मग मालालाच विचारा

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण किराणावाल्याला जे कळतं ते इथेच कामी येतं. यादीतल्या वस्तू एकाच पदार्थाच्या असतील तर त्यांचं एकमेकींशी प्रमाण असतं.

त्या चिठ्ठीचा हिशेब आता मांडतो. एका नारळाच्या सारणात साधारण दहा-अकरा मोदक भरतात आणि त्याला खसखस लागते चमचाभर, म्हणजे तीन-चार ग्रॅम. एक किलो पिठीचे सत्तरच्या आसपास मोदक होतात, त्याला सहा-सात नारळ पुरतात आणि खसखस पंचवीस ग्रॅम खूप झाली. काकूंनी खसखस मागितली होती दोनशे ग्रॅम. ती पन्नास-साठ नारळांच्या सारणाची झाली. तेवढ्या सारणाला पिठी लागणार आठ-नऊ किलो. जायफळंही तीन. सत्तर मोदकांना अर्धं जायफळ पुष्कळ होतं.

खसखस महाग असते, ती कुणी उगाच जास्त मागवत नाही. म्हणून यादीतली सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी लागणारी वस्तू पहिल्यांदा पाहावी. तिचा आकडा माणूस विचार करून लिहितो. तूप मात्र साक्ष म्हणून धरू नका. ते मोदकांवर वाढायला, निरांजनाला, शिऱ्याला कशालाही लागतं.

खसखस मी माझ्या हाताने तोलली होती. दोनशे ग्रॅम तोलताना ती पिठीच्या पुड्याशेजारी ठेवली आणि तरी मला प्रश्न पडला नाही, कारण मी एकेक ओळ वाचत होतो, यादी वाचत नव्हतो. आता आमच्याकडे नियम आहे. पहिला पुडा बांधण्याआधी पूर्ण चिठ्ठी वाचायची आणि हे कशाचं सामान आहे ते एकमेकांना सांगायचं. “हे मोदकांचं”, “हे चिवड्याचं”, “हे महिन्याचं”. पदार्थाचं नाव उच्चारलं की विजोड आकडा खटकतो.

या पडताळणीलाही मर्यादा आहेत. महिन्याच्या यादीत साबण, साखर आणि तूरडाळ यांचं एकमेकांशी काही प्रमाण नसतं. तिथे त्याच घराच्या मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून बघता येतं, पण सणाच्या किंवा कार्याच्या वेळी मागचं बिल नेमकी फसवी साक्ष देतं. मला काकूंच्या संकष्टीच्या एका किलोनेच फसवलं.

कायमचा बंदोबस्त

ग्राहकाने काय लिहावं यावर आपला ताबा नाही. आपण काय लिहितो यावर आहे. म्हणून चिठ्ठीवरून थेट माल बांधणं आम्ही बंद केलं. चिठ्ठी आली की देणाऱ्यासमोरच आमच्या वहीत उतरवतो, आणि चेकवर रक्कम लिहितात तसं वजन अक्षरी लिहितो: पिठी नऊ किलो, खसखस दोनशे ग्रॅम. “नऊ” हा शब्द “एक” म्हणून वाचता येत नाही. आकडा अक्षरात उतरवताना हाताला क्षणभर थांबावं लागतं आणि शंका असेल तर ती तिथेच वर येते. वेळ लागतो मोठ्या यादीला दोन-तीन मिनिटं. गणपती-दिवाळीच्या गर्दीत ही दोन मिनिटं फार वाटतात, पण ज्या दिवसांत चुकलेला माल पुन्हा मिळत नाही ते हेच दिवस.

चिठ्ठी लहान मुलाने किंवा शेजाऱ्याने आणली असेल तर त्याला विचारून उपयोग नाही. ज्याच्या घरी पदार्थ शिजणार आहे त्यालाच फोन करायचा आणि फक्त संशयाची ओळ विचारायची. सगळी यादी वाचून दाखवली तर पलीकडचा माणूस तिसऱ्या वस्तूनंतर ऐकायचं सोडतो.

माल गेल्यावर शंका आली तर वाट बघू नका. त्या संध्याकाळी काकूंचा फोन साडेसहाला आला. पिशवी दुपारी दोनला पोचली होती. मी तीनला एक फोन केला असता तर आजूबाजूच्या दुकानांत नऊ किलो पिठी सहज होती. आता सणाच्या आदल्या दिवशी गेलेल्या प्रत्येक मोठ्या ऑर्डरला तासाभरात फोन जातो: “पिशवी उघडून बघितली का?”

बिलाचं म्हणाल तर वाचण्याची जबाबदारी दुकानदाराची, असं मी मानतो. इतर दुकानांतून जास्त दराने आणलेल्या पिठीचा फरक मी काकूंना लावला नाही. त्या नको म्हणत होत्या, भाचीला बोल लावत होत्या. त्या मुलीने काही चुकीचं लिहिलेलं नव्हतं, आणि हे मी तिच्यासमोर सांगितलं.

एक प्रकार अजून शिल्लक आहे, तिथे साक्षीदार आकडे पुरे पडत नाहीत. नारायण पेठेतले एक आजोबा जुन्या पद्धतीने लिहितात. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. दुकानातल्या नव्या मुलाने त्यांच्या यादीतले ५। एक्कावन्न वाचले होते, सव्वापाच किलो गव्हाऐवजी तो एक्कावन्न किलो तोलायला निघाला होता. आजोबांचे आकडे मराठी आहेत हे आम्हाला ठाऊक असतं, साक्षीदार शोधायची गरजच नसते, आणि तरीही ज्याला ही जुनी पद्धत माहीत नाही तो उभ्या रेघेला इंग्रजी एकच समजतो.

आजोबा आले की मी वही आणि पेन त्यांच्याकडेच सरकवतो आणि विचारतो, “आजोबा, तूप किती?” ते म्हणतात, “दीड.” मग चष्मा लावून वहीत तो शब्द स्वतःच्या हाताने लिहितात.